मशीनशिवाय दुधाचा फेस: फ्रेंच प्रेस, व्हिस्क आणि बरणी

कॅफेतल्या मशीनची वाफेची नळी दुधात दोन कामं करते. आधी ती दुधात हवा शिरवते आणि मग त्या हवेचे मोठे बुडबुडे मोडून इतके बारीक करते की ते एकेकटे दिसेनासे होतात. दूध त्याच वेळी तापतही असतं. घरी वाफ नसते, म्हणून ही कामं वेगवेगळी आणि योग्य क्रमाने करावी लागतात. बहुतेकांचं पहिलं काम जमतं आणि दुसरं राहून जातं, म्हणून कपावर साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे येतात आणि पहिल्या दोन घोटांतच ते बसतात.

घरातल्या तीन साधनांपैकी दोन्ही कामं नीट करणारं एकच आहे: फ्रेंच प्रेस, म्हणजे काचेचं उभं भांडं, त्यात वर-खाली होणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. व्हिस्क हवा भरपूर शिरवतो, पण बुडबुडे फारसे बारीक करत नाही. फिरकीच्या झाकणाच्या बरणीचंही तसंच आहे, फक्त ती गार दुधावर चालते. म्हणून इथे प्रेसबद्दल सविस्तर लिहिलं आहे आणि बाकी दोन्हींबद्दल गरजेपुरतं.

दूध कोणतं

फेस टिकतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे. प्रत्येक बुडबुड्याभोवती प्रथिनांचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो बुडबुड्याला धरून ठेवतो. स्निग्धांशाने चव आणि मऊपणा येतो, पण फेस उभा राहताना तो आड येऊ शकतो. पिशवीच्या दुधात टोन्ड दुधाचा स्निग्धांश साधारण ३ टक्के, डबल टोन्डचा १.५ टक्के आणि फुल क्रीमचा ६ टक्के असतो. पहिल्या प्रयत्नाला टोन्ड दूध घ्या. त्याचा फेस सहज येतो आणि चवही पाणचट लागत नाही. डबल टोन्डचा फेस आणखी उंच आणि ताठ येतो, पण तोंडात कोरडा लागतो. फुल क्रीम किंवा म्हशीच्या दुधाचा फेस कमी उंच येतो, मात्र नीट जमला तर सगळ्यांत गुळगुळीत तोच लागतो. हात बसल्यावर तिकडे वळा.

आपल्याकडे दूध आणलं की तापवायची पद्धत आहे, आणि सुट्टं दूध असेल तर ते उकळायलाच हवं. उकळलेल्या दुधाचाही फेस चांगला येतो, अडचण करते ती साय. प्रेसच्या जाळीत सायीचा तुकडा अडकला की दूध जाळीतून जाण्याऐवजी कडेने निसटतं आणि बुडबुडे मोडत नाहीत. म्हणून दूध उकळून गार करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वरची साय सबंध काढून घ्या आणि उरलेलं दूध चहाच्या गाळणीतून एकदा गाळा. यात एक फायदाही आहे. जाड साय निघाली की दुधातला बराच स्निग्धांश तिच्याबरोबर जातो, त्यामुळे साय काढलेलं म्हशीचं दूधसुद्धा फेसासाठी हलकं होतं. तूप कढवायला साय साठवणाऱ्या घरात फेसाचं दूध रोज आपोआप तयार होत असतं.

दूध ताजं हवं. जुन्या दुधातला स्निग्धांश फुटू लागतो आणि त्यातून सुटलेले घटक बुडबुड्यांचा पापुद्रा मोडतात. असं दूध चवीला अजून बरं लागत असतं, नासलेलंही नसतं, पण त्याचा फेस बारीक चरचर आवाज करत डोळ्यांदेखत खाली जातो. तो आवाज आला की हाताला दोष देऊ नका, दूध बदला.

तापमान: इथेच बहुतेक चुका होतात

लोणी काढणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. ताक घुसळताना विरजलेली साय फार गार असेल तर लोणी लवकर येत नाही, थोडं कोमट पाणी घातलं की गोळा जमतो. त्या तापमानाला चरबीचे कण अर्धे घट्ट आणि अर्धे पातळ असतात, म्हणून ते एकमेकांना चिकटतात. लोण्यासाठी हे हवंच असतं, फेसासाठी मात्र हीच आपत्ती. साधारण २० ते ४० अंश सेल्सिअसच्या दुधात हे अर्धवट वितळलेले कण बुडबुड्यांचे पापुद्रे फोडतात. फ्रिजमधून काढून ओट्यावर तासभर राहिलेलं दूध, किंवा बोट घातल्यावर नुसतं कोमट लागणारं दूध, म्हणूनच कितीही घुसळलं तरी फेसाळत नाही.

फेसासाठी दूध एक तर फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, म्हणजे ५ अंशांच्या आसपास हवं, नाहीतर चांगलं गरम, ६० ते ६५ अंशांचं हवं. मधलं नको. प्रेस आणि व्हिस्क गरम दुधासाठी, बरणी गार दुधासाठी.

वरची मर्यादाही पाळायची आहे. ७० अंशांच्या पुढे दूध आणखी पातळ वाहू लागतं, बुडबुड्यांमधलं दूध भराभर खाली निथळतं आणि वर कोरडा, मोठ्या छिद्रांचा फेस राहतो. शिवाय पिशवीचं न उकळलेलं दूध असेल तर त्याला उकळल्याचा वास येऊ लागतो आणि वर नवी साय धरते. दूध पूर्ण उकळून मग थोडं निवू देऊन फेस काढणं हा फार रुळलेला मार्ग आहे, पण निवताना वर साय येते आणि आपण पुन्हा जाळीच्या अडचणीत सापडतो. त्यापेक्षा आधी उकळून गार केलेलं दूध आयत्या वेळी ६५ अंशांपर्यंतच तापवा.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर जाड बुडाच्या लहान पातेल्यात, मंद आचेवर, चमच्याने सतत ढवळत दूध तापवा आणि नजर काठावर ठेवा. आधी पृष्ठभागावरून वाफेची एखादी पुसट रेघ उठते, मग वाफ सलग दिसू लागते, मग पातेल्याच्या काठाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटू लागतात. वाफ सलग झाली आणि काठाला पहिले दोन-चार बुडबुडे दिसले की गॅस बंद. काठाला बुडबुड्यांची पूर्ण माळ झाली, तर तुम्ही पुढे गेला आहात. दुसरी खूण हाताची. स्टीलच्या पातेल्याला बाहेरून तळवा लावून एक-दोन सेकंदच ठेवता आला, मग काढावाच लागला, तर दूध जवळपास तयार आहे. गॅसवरून खाली उतरवून, ज्वाळेची धग बसलेला भाग टाळून हात लावा, नाहीतर दुधाऐवजी पातेलंच किती तापलं ते कळेल.

फ्रेंच प्रेसने एका कपाचा फेस

प्रेसचं माप इथे महत्त्वाचं आहे. एका कपासाठी ३५० मिलीची लहान प्रेस घ्या. त्यात १२० मिली दूध ओतलं की ते साधारण ३ सेंटिमीटर उंच राहतं आणि जाळी त्यात पूर्ण बुडते. तेवढंच दूध एक लिटरच्या प्रेसमध्ये ओतलं तर ते तळाशी पसरतं, जाळी धड बुडत नाही आणि दांडा कितीही हलवला तरी नुसता खळखळाट होतो. मोठीच प्रेस असेल तर दोन-तीन कपांचं दूध, निदान २५० मिली, एकदम घ्या. उलट बाजूने, भांडं एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. दूध दीडपट-दुप्पट फुगतं आणि झाकणाच्या चोचीतून बाहेर येतं.

प्रेस कॉफीसाठीही वापरत असाल तर आधी दांड्याच्या टोकाची फिरकी सोडवून जाळी, वरची चकती आणि खालची भोकांची चकती सुटी करा आणि प्रत्येक भाग गरम पाण्याने व भांड्यांच्या साबणाने घासा. कॉफीतलं तेल जाळीच्या घडीत अडकून राहतं आणि तेलाचा अंश फेस मारतो. साबण राहिला तरी तेच होतं, म्हणून खळखळून धुवा. जाळी नाकाजवळ नेल्यावर जुन्या कॉफीचा वास आला, तर ती अजून स्वच्छ झालेली नाही. पुन्हा जोडताना जाळी दोन चकत्यांच्या मध्ये सपाट बसली पाहिजे आणि तिची कड काचेला सगळीकडून टेकली पाहिजे. एका बाजूला फट राहिली तर दूध तिथूनच पळतं.

आता प्रेसमध्ये कढत पाणी ओतून अर्धा मिनिट ठेवा आणि ओतून टाका. थंड काच दुधाची उष्णता खेचून घेते, आणि घुसळतानाही दूध चार-पाच अंशांनी उतरतं. भांडं गरम असलं की ६५ अंशांचं दूध कपात पोचेपर्यंत ६० च्या आसपास राहतं. गारठलेल्या काचेवर एकदम उकळतं पाणी मात्र ओतू नका, आधी कोमट पाणी फिरवून घ्या.

भांड्याला बाहेरून दोन रबरबँड चढवा. एक दुधाच्या पातळीला, म्हणजे तळापासून ३ सेंटिमीटरवर, आणि दुसरा साडेचार सेंटिमीटरवर. कुठे थांबायचं हे नवख्याला डोळ्याने कळत नाही, रबरबँडने कळतं.

१२० मिली तापलेलं दूध प्रेसमध्ये ओता. दांडा वर ओढलेला ठेवून झाकण बसवा. भांडं ओट्यावर घडी केलेल्या फडक्यावर ठेवा, झाकणाची चोच तुमच्या विरुद्ध दिशेला वळवा, डाव्या हाताने झाकण दाबून धरा आणि उजव्या हाताने दांडा चालवा. झाकण न धरता घुसळायला गेलात तर तिसऱ्या-चौथ्या झटक्याला ते दांड्याबरोबर उचकटतं आणि गरम दूध हातावर येतं.

पहिला टप्पा हवेचा. दांडा वर नेताना जाळी दुधाच्या पृष्ठभागाच्या थोडी वर, साधारण एक सेंटिमीटर, बाहेर आली पाहिजे, आणि खाली नेताना तळाजवळ गेली पाहिजे. प्रत्येक वेळी जाळी हवेतून दुधात शिरते आणि थोडी हवा आत नेते. असे ८ ते १० झटके पुरतात. आवाज ऐका: सुरुवातीला छपछप असा पातळ आवाज येतो, हवा शिरत गेली की तो जाड आणि दबका होतो. वरच्या रबरबँडपर्यंत फेस चढला की हवा पुरे. लाटे कॉफीसाठी कमी फेस हवा असेल तर ४ सेंटिमीटरला थांबा.

दुसरा टप्पा बारीक करण्याचा, आणि हाच लोक गाळतात. आता जाळी दुधाच्या आतच ठेवायची, पृष्ठभागाबाहेर येऊ द्यायची नाही. तळापासून दोन-अडीच सेंटिमीटरच्या अंतरात आखूड, जलद झटके द्या, १५ ते २० वेळा. इथे नवी हवा शिरत नाही. आधीचे मोठे बुडबुडे जाळीच्या छिद्रांतून पुन्हा पुन्हा जातात आणि प्रत्येक फेरीत मोडतात. दांडा हळूहळू जड होतो. पहिल्या टप्प्यात हात मोकळा चालत होता, आता श्रीखंडासाठी चक्का फेटताना लागतो तसा ओढा जाणवेल, फक्त बराच हलका. तो ओढा आला की थांबा. दोन्ही टप्प्यांना मिळून अर्धं मिनिट लागतं. मिनिटभर घुसळत राहिलात तर फेस इतका ताठ होतो की दुधापासून सुटून वर ढेप बसते आणि खाली पातळ दूध उरतं.

झाकण काढून दांडा सावकाश वर घ्या. भांडं हाताने धरून फडक्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा. वर राहिलेले मोठे बुडबुडे फुटतील. काचेचं भांडं आहे, तेव्हा जोर नको. मग भांडं गोल गोल फिरवत राहा, ताक ढवळताना पेला फिरवतो तसं. फेस आणि दूध एकजीव झालं की पृष्ठभाग ओल्या रंगासारखा चकाकतो. चकाकी नसेल आणि कापसासारखा मंद पांढरा दिसत असेल, तर फेस कोरडा झाला आहे.

ओतायला उशीर करू नका. दूध निथळणं लगेच सुरू होतं आणि मिनिटभरात फेस वर, दूध खाली अशी फाळणी होते. म्हणून कॉफी आधी कपात तयार हवी: २५० मिलीच्या कपात ५० मिली दाट कॉफी. मोका पॉटची असेल, फिल्टरचं दाट डिकॉक्शन असेल किंवा दोन चहाचे चमचे इन्स्टंट कॉफी गरम पाण्यात विरघळवलेली असेल, तिन्ही चालतात. साखर कॉफीतच घाला. भांडं एकदा शेवटचं फिरवा आणि कपाच्या मधोमध, सुरुवातीला थोड्या उंचीवरून बारीक धारेने, कप अर्धा झाल्यावर कपाला टेकवून जाड धारेने ओता. बासुंदी आटत येताना जशी जड, सलग धार पडते तशी ही धार पडली पाहिजे. प्रेसच्या चोचीतून धार थोडी रुंद पडते, म्हणून कपावर नक्षी काढायची असेल तर दूध आधी गरम केलेल्या लहान चोचीच्या भांड्यात काढून घ्या. साधं बदाम जमू शकतं, त्याहून बारीक नक्षी मात्र या फेसात उमटत नाही.

ओतून झालं की लगेच प्रेसमध्ये गार पाणी भरून दांडा चार-पाचदा चालवा. जाळीत वाळलेलं दूध नंतर घासून निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जाळीचा आंबूस वास फेसाला येतो.

व्हिस्कने

अंडी फेटायचा तारांचा व्हिस्क घ्या आणि भांडं उंच, अरुंद निवडा. पसरट पातेल्यात दूध उथळ राहतं आणि तारा अर्ध्या हवेतच फिरतात. १५० मिली दूध ६५ अंशांपर्यंत तापवून खाली उतरवा, भांडं थोडं कलतं करा म्हणजे एका बाजूला दुधाची खोली वाढेल. मनगटाने गोल गोल ढवळण्यापेक्षा व्हिस्कचा दांडा दोन तळव्यांत धरून रवी फिरवतो तसा पुढे-मागे फिरवा. असं केल्यावर तारा दर वेळी दिशा बदलतात, दूध त्यांच्याबरोबर नुसतं गोल वाहत नाही आणि फेस लवकर धरतो. दोन्ही हात गुंतलेले असतील तेव्हा भांडं ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. पहिला मिनिट तारा पृष्ठभागाला घासत ठेवा, नंतरचा अर्धा मिनिट तळाशी. लाकडी रवीनेही फेस येतो, पण तिच्या पाकळ्या जाड असल्याने बुडबुडे मोठे राहतात, आणि ताकाची रवी असेल तर तिच्यात मुरलेला आंबटपणा व लोण्याचा अंश दुधात उतरतो. ती ताकालाच राहू द्या.

बॅटरीवर चालणारा छोटा फ्रॉदर असेल तर त्याची चकती आधी पृष्ठभागाच्या अगदी खाली, १० ते १५ सेकंद, आणि मग तळाशी १० सेकंद. चकती पूर्ण बुडवूनच चालू करा आणि बंद करूनच बाहेर काढा, नाहीतर ओटा दुधाने शिंपडला जातो.

व्हिस्कचा फेस प्रेसइतका बारीक होत नाही. हवेचा टप्पा लवकर थांबवला तर बराच सुधारतो, म्हणून फेस थोडा कमी घ्या.

बरणीने

बरणी गार दुधासाठी आहे आणि हे बदलू नका. गरम दूध झाकणबंद बरणीत हलवलं की आतली हवा तापून फुगते, वाफही भरते, आणि झाकण सैल होऊन गरम दूध उडतं. बरणी ४०० ते ५०० मिलीची, काचेची, मायक्रोवेव्हला चालणारी आणि झाकण गच्च बसणारं. लोणच्याची रिकामी बरणी घेणार असाल तर काच धुऊन निघते, पण झाकणाच्या आतल्या रबरी कडेत तेल आणि हिंगाचा वास राहतो. तेल फेस बसवतं आणि वास कॉफीत येतो. जॅमची किंवा मधाची बरणी त्यापेक्षा बरी.

फ्रिजमधलं १२० मिली दूध घाला. झाकण घट्ट लावून ३० ते ४५ सेकंद जोरात, वर-खाली हलवा. दूध दीडपट ते दुप्पट दिसलं की थांबा. आता झाकण काढा, ते पत्र्याचं असतं आणि मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. बरणी उघडीच ३० सेकंद गरम करा, मग १०-१० सेकंदांनी पुढे, आणि काचेतून बघत राहा. फेस तापून वर चढतो आणि दूध उतू जायला आलं तर लगेच बंद. उष्णतेने बुडबुड्यांभोवतीची प्रथिनं घट्ट होतात, म्हणून हा फेस गार असतानापेक्षा आता जास्त टिकतो. काच तापलेली असते, फडक्याने धरा.

मायक्रोवेव्ह नसेल तर बरणीतला फेस चमच्याने मागे धरून खालचं दूध पातेल्यात ओता, ६५ अंशांपर्यंत तापवा, कॉफीत मिसळा आणि गार फेस वरून चमच्याने ठेवा. ताठ फेस हवा असेल तेव्हा हे छान जमतं. गार कॉफीसाठी तर तापवायचंही नाही: डबल टोन्ड दूध बरणीत हलवून बर्फावर ओतलेल्या कॉफीवर तसंच घाला.

फेस बिघडला तर

फेस अजिबात धरला नाही, तर आधी तापमान तपासा. दूध कोमट झालेलं असतं. पुन्हा ६० पर्यंत तापवून एकदा घुसळून पाहा. त्यानेही धरला नाही तर भांडं तेलकट आहे किंवा दूध जुनं आहे. ओळखायला सोपा उपाय: तेच दूध धुतलेल्या दुसऱ्या बरणीत गार हलवा. तिथे फेस आला तर दोष प्रेसचा.

वर मोठे बुडबुडे आणि खाली पातळ दूध असेल, तर दुसरा टप्पा कमी पडला. जाळी दुधात बुडवून आणखी १० आखूड झटके द्या, दूध अजून गरम असेपर्यंत हे सुधारतं. फेसाची ढेप सुटली असेल तर मात्र ती परत दुधात मिसळत नाही. चमच्याने वरून ठेवून तो कप प्या आणि पुढच्या वेळी हवेचे झटके दहावरून सहावर आणा.

सोया दुधाचा फेस या तिन्ही पद्धतींनी बऱ्यापैकी येतो, पण आंबट चवीच्या कॉफीत ते फाटू शकतं. बदामाच्या दुधात प्रथिनं कमी असतात, त्यामुळे फेस आला तरी लगेच बसतो. ओट्सचं घेणार असाल तर पाकिटावर बरिस्ता लिहिलेलं घ्या, आणि तेही ६० अंशांच्या पुढे नेऊ नका.